छायाचित्राचे चित्र होताना

छायाचित्राला चित्राचे रूप देण्याच्या कलेवर रबाळे येथील एका कलामंडळाच्या प्रमुखांचे व्याख्यान नुकतेच आमच्या ऐकण्यात आले. संगणकाची एक कळ दाबताच छायाचित्राचे भित्तिचित्र होते, मग त्यात कलावंताचे कर्तृत्व ते कोणते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आणि एकाच उदाहरणाने त्याचे उत्तर दिले.

ठाणे खाडीच्या काठी जाळे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कोळ्याचे ते कृष्णधवल छायाचित्र होते. अशा छायाचित्रात काळ्या रंगाच्या ० पासून शुभ्राच्या २५५ पर्यंत छटा असतात. त्या चारच ठेवायच्या म्हटल्यावर यंत्र ६४ छटांचे चार सारखे गट पाडते. वृद्धाचा चेहरा टोपीच्या सावलीत असल्याने त्याच्या बहुतेक छटा ४० ते ६० मध्ये पडल्या. परिणामी डोळे, गाल आणि टोपी एकाच काळ्या डागात बुडाली, आणि खाडीचा चिखल मात्र नीट उमटला! यंत्राच्या हिशेबी यात चूक नव्हती, कारण चिखल कोणता व मुख कोणते हे त्याला ठाऊक नसते.

वक्त्यांनी पहिल्या गटाची सीमा ६४ वरून ४५ वर आणली. गाल उजळले, डोळ्यांच्या खाचा काळ्या राहिल्या. परंतु जाळ्यामागची सावलीही उजळली आणि दोरे दिसेनासे झाले. तेव्हा चेहरा वेगळा निवडून नवी सीमा त्याच्यापुरती लावावी लागली. सर्वत्र एकच परिणाम फासलेले काम ओळखण्याची खूणही त्यांनी सांगितली: त्यात आभाळ, कातडी आणि कापड यांचा पोत सारखाच दिसतो.

इथवर आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. मतभेद पुढे आहे. काठावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे पांढरे ठिपके नजर खेचतात, म्हणून त्यांनी ते पुसले आणि हाही केवळ रचनेचा निर्णय मानला.

इथे मुंबईचाच एक जुना दाखला आठवतो. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींवरील आपल्या छायाचित्रग्रंथाचे दोन भाग १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यात वेगळ्या टिपलेल्या व्यक्ती भलत्याच दृश्यांपुढे जोडून बसवल्या आहेत. जोडकाम कौशल्याचे खरे, पण ती माणसे तिथे उभी होती असे मानणारा वाचक फसतो.

गालावरचा उजेड वाढवल्याने वृद्धाविषयी काही खोटे सांगितले जात नाही. पिशव्या पुसल्याने मात्र खाडी स्वच्छ असल्याची साक्ष दिली जाते. ते चित्र भिंतीवर शोभेसाठी लावायचे तर आमची हरकत नाही. ‘आपली खाडी’ म्हणून प्रदर्शनात मांडायचे, तर खाली त्या बदलाची एक ओळ हवी. निर्णय कलावंताचा आहे हे वक्त्यांनी सिद्धच केले आहे. मग त्याचा जाबही कलावंतालाच द्यावा लागेल, यंत्रावर तो ढकलता येणार नाही.