‘फक्त’ दिसलं की काट मारा? विधान-गृहीतकाच्या प्रश्नांबद्दल थोडं तक्रारीच्या सुरात

पेट, नेटचा पहिला पेपर किंवा एमपीएससीचा सीसॅट, कशाचीही तयारी करा, विधान-गृहीतक आणि विधान-कार्यवाहीचे प्रश्न भेटतातच. बाजारातल्या गाइडमध्ये या प्रकरणाची सुरुवात बहुतेक वेळा नियमांच्या यादीने होते. पर्यायात ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’ असेल तर गृहीतक नाही. ‘काही’, ‘शक्यता’ असेल तर आहे. कार्यवाहीत ‘बंदी घालावी’ दिसलं की बाद, ‘जनजागृती करावी’ दिसलं की बरोबर.

माझी तक्रार अशी की हे नियम बऱ्याचदा चालतात, आणि घोळ तिथेच होतो. ते का चालतात हे कळलं नाही, तर ते कुठे थांबतात तेही कळत नाही. परीक्षेत एक-दोन गुण जातील, ठीक आहे. पण पुढे सिनॉप्सिस लिहायला बसल्यावर तुमच्या वाक्यातला शब्द शोधून कुणी गृहीतक दाखवून देत नाही. तिथे न लिहिलेलं वाक्य शोधायचं असतं.

आधी एक शब्द साफ करू. संशोधनाच्या पुस्तकांत परिकल्पना (काही जण गृहीतकृत्य म्हणतात) आणि गृहीतक असे दोन शब्द येतात. परिकल्पना आपण तपासायला घेतो. गृहीतक आपण न तपासता, न बोलता मान्य करून पुढे जातो. प्रश्नपत्रिकेतलं गृहीतक हे दुसऱ्या प्रकारचं. म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: विधानात जे लिहिलंय ते, लिहिलेलं पटावं म्हणून जे आधीच खरं असावं लागतं ते, आणि विधानातून पुढे जे निघतं ते. पहिलं विधान, दुसरं गृहीतक, तिसरा निष्कर्ष. विद्यार्थी सगळ्यात जास्त चुकतात ते दुसऱ्या-तिसऱ्यात.

आपल्या जवळचंच उदाहरण

प्रताप नगरपासून अंबाझरी तलाव फार लांब नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊटसारख्या वस्त्यांतल्या घरांत पाणी शिरलं. नंतर रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. ओव्हरफ्लोसमोरचं स्वामी विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येतं का, हा त्यातला खूप गाजलेला मुद्दा. स्मारक हलवावं की नाही हे आपण इथे ठरवत नाहीये. त्या वादात चौकाचौकांत बोललं जाणारं वाक्य कसं वाचायचं, तेवढंच बघू.

विधान असं धरा: ‘ओव्हरफ्लोसमोरचं स्मारक हलवलं, तर पुढच्या पावसाळ्यात खालच्या वस्त्यांत पाणी शिरणार नाही.’

चार पर्याय घेऊ.

अ) स्मारकामुळे ओव्हरफ्लोच्या पाण्याला अडथळा होतो.
ब) स्मारक बांधताना नियम मोडले गेले.
क) पुढच्या वर्षीही तेवढाच पाऊस पडेल.
ड) वस्त्यांत पाणी शिरायला स्मारकाचा अडथळा हे एकच पुरेसं कारण आहे, दुसरं कुठलंही नाही.

आता नकार-चाचणी लावा. पर्याय उलटा करायचा आणि विचारायचं: आता विधान उभं राहतं का? कोसळलं तर ते गृहीतक. उभंच राहिलं तर नाही, मग पर्याय कितीही खरा वाटो.

‘अ’ उलटा केला: स्मारकामुळे काहीच अडथळा होत नाही. मग ते हलवून पाणी थांबायचं काही कारणच उरत नाही. विधान कोसळलं. अ हे गृहीतक.

‘ब’ उलटा केला: बांधकाम अगदी नियमात आहे. नियमातलं बांधकामही पाणी अडवू शकतं, त्यामुळे विधानाला काही होत नाही. न्यायालयात हा मुद्दा महत्त्वाचा असेल, पण या वाक्याला त्याची गरज नाही. वादाबद्दल आपण पेपरात जे वाचलेलं असतं ते इथे आपल्या नकळत मदतीला धावतं, म्हणून ब निवडणारे खूप असतात.

‘क’ जरा फसवा आहे. उलटा करा: तेवढाच पाऊस पडणार नाही. कमी पडला तर विधानाला धक्का नाही. फार जास्त पडला तर मात्र आहे. म्हणजे विधानाला लागतं ते ‘पाऊस प्रमाणाबाहेर वाढणार नाही’ एवढंच. ‘तेवढाच’ पडला पाहिजे असं नाही. क गृहीतक नाही, त्याचा शेजारी आहे. प्रश्न काढणारे अशा शेजाऱ्यावरच गुण कापतात.

आता ‘ड’. त्यात ‘एकच’ आहे, ‘कुठलंही नाही’ आहे. गाइडप्रमाणे सरळ काट. पण उलटा करून बघा: दुसरंही एखादं कारण आहे जे एकट्याने घरांत पाणी आणू शकतं. समजा नदीपात्रात गाळ आहे, एखाद्या पुलाखालची वाट अरुंद आहे, किंवा तलावाचा संबंधच नाही आणि गल्लीतलं पावसाळी गटारच तुंबतंय. यातलं काहीही असेल तर स्मारक हलवूनही पाणी शिरेल. विधान कोसळलं. म्हणजे ड हे गृहीतक आहे, आणि चारातलं सगळ्यात कच्चं गृहीतक तेच.

आता विधानातले शेवटचे शब्द बदला: ‘…तर खालच्या वस्त्यांत पाणी कमी शिरेल.’ पुन्हा ड उलटा करा. दुसरी कारणं आहेत, असू द्या, एक अडथळा गेला तर पाणी कमी होऊच शकतं. विधान उभं राहिलं. आता ड गृहीतक नाही.

पर्याय तोच, त्यातला शब्दही तोच, पण उत्तर उलटं झालं. मला सांगायचंय ते हेच. गृहीतक पर्यायाच्या शब्दात नसतं, ते विधानाच्या दाव्यात असतं. दावा जितका मोठा, तितकं त्याच्याखाली जास्त गृहीत धरलेलं. ‘शिरणार नाही’ म्हणणाऱ्याला बाकीची सगळी कारणं बाद करावी लागतात, ‘कमी शिरेल’ म्हणणाऱ्याला नाही.

मग गाइडचा नियम चालतो कसा?

त्याचंही कारण नकारातच आहे. समजा विधान आहे: ‘महापालिकेने ओव्हरफ्लोचा इशारा मोबाइलवर पाठवायचं ठरवलं.’ पर्याय आहे: ‘सर्व रहिवाशांकडे मोबाइल आहे.’ बरेच जण याचा नकार ‘कुणाकडेच मोबाइल नाही’ असा करतात. मग योजना कोसळते आणि ते पर्याय बरोबर ठरवतात. पण ‘सर्वांकडे आहे’चा नकार ‘काहींकडे नाही’ हा आहे. काहींकडे नसला तरी इशारा पाठवण्यात अर्थ आहे, शेजारी शेजाऱ्याला उठवतो. म्हणून हे गृहीतक नाही. ‘पुष्कळ रहिवाशांपर्यंत मोबाइलवरून वेळेत पोचता येतं’ हे मात्र आहे.

प्रश्नपत्रिकेतली विधानं सहसा अशीच साधी असतात: कुणी सूचना लावली, कुणी जाहिरात दिली, कुणी योजना आणली. त्यांचा दावा लहान असतो, त्यामुळे ‘सर्व’ आणि ‘फक्त’ त्यांना लागत नाहीत. म्हणून नियम चालतो. विधानातच मोठा दावा आला की तोच नियम तुम्हाला खड्ड्यात नेतो.

कार्यवाहीचे प्रश्न

इथे दिलेली परिस्थिती खरी मानायची आणि कोणती कृती तिच्यातून तर्काने येते ते सांगायचं. वरचीच परिस्थिती घ्या: थोड्या तासांत जोरदार पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, वस्त्यांत पाणी. तीन कृती:

1) ओव्हरफ्लो सुरू होण्याआधी खालच्या वस्त्यांना इशारा मिळेल अशी व्यवस्था करावी.
2) नदीपात्रातली सगळी अतिक्रमणं पाडावी.
3) पावसाळ्यात तलाव कायम रिकामा ठेवावा.

प्रत्येक कृती स्वतःचं एक गृहीतक सोबत आणते. पहिलीचं गृहीतक असं की पातळी वाढताना दिसते आणि मधे थोडा वेळ मिळतो. साध्या व्यवहारज्ञानाने हे मान्य होतं, कृती जागेवर आहे. तिसरी पूर थांबवेलही, पण तलाव ज्यासाठी ठेवलाय तेच संपवते. एक अडचण सोडवून मोठी उभी करणारी कृती बाद.

दुसरीवर थांबा. वाचताना ती अगदी बरोबर वाटते. पण परिस्थितीत अतिक्रमणाचा उल्लेखच नाही. ते कारण आपण बाहेरून, बातम्यांतून आणलं. प्रत्यक्षात तपासणीत ते सापडलं तर कृती योग्यच ठरेल. पण दिलेल्या मजकुरातून ती येत नाही. ‘नदीपात्रात अडथळे आहेत का याची तपासणी करावी’ ही कृती मात्र येते, कारण ती कारण गृहीत न धरता शोधायला निघते.

हे प्रश्न निर्दोष आहेत असं माझं म्हणणं नाही. ‘साधं व्यवहारज्ञान’ कुठे संपतं आणि ‘बाहेरची माहिती’ कुठे सुरू होते, याची रेघ प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते. दुसरी कृती एखाद्या उत्तरसूचीत बरोबर दिसली तर मला नवल वाटणार नाही. तुम्ही मात्र त्या उत्तरासाठी कोणतं वाक्य गृहीत धरावं लागलं ते बाजूला लिहून ठेवा. उत्तरसूचीशी मतभेद त्या एका वाक्याचा असतो, आणि ते वाक्य सापडलं की सराव झाला.

प्रबंधात हेच कसं दिसतं

समजा तुम्ही तलावाचे नमुने जानेवारीत आणि मे महिन्यात घेतले. मे मध्ये नायट्रेट प्रति लिटर जास्त आलं. तुम्ही लिहिता: ‘उन्हाळ्यात तलावात जास्त नायट्रेट येऊन मिसळतं.’ मोजलं काय? एका लिटरमधलं प्रमाण. म्हटलं काय? बाहेरून येणारं एकूण नायट्रेट वाढलं. मधलं न लिहिलेलं वाक्य असं: ‘तलावातलं पाणी दोन्ही वेळी जवळपास तेवढंच होतं.’ ते उलटं करा. विदर्भाच्या उन्हात पाणी आटतं, आणि नायट्रेटचा एक कणही न वाढता प्रति लिटर आकडा वर जाऊ शकतो. वाक्य कोसळलं.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. तलावाची पातळी मोजून गृहीतक तपासा, किंवा दावा लहान करा: ‘मे मध्ये नायट्रेटचं प्रति लिटर प्रमाण जास्त आढळलं.’ मार्गदर्शक लाल पेनाने ‘कशावरून?’ लिहितात ते बहुतेक वेळा अशाच वाक्यापुढे.

सरावाला एक देतो, उत्तर कमेंटमध्ये लिहा. विधान: ‘अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी ठेवली, तर विद्यार्थ्यांचा अभ्यास वाढेल.’ पर्याय: ‘विद्यार्थ्यांना रात्री घरी अभ्यास करता येत नाही.’ गृहीतक आहे की नाही? नकार नेमका कसा केलात ते आधी लिहा, मग उत्तर.