24 गुणांचा ज्योतिषी आणि गळालेले 24

रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर देणाऱ्या ज्युनियर्सना मी एक जुना प्रयोग वाचायला देतो. 2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पाठवल्या आणि विचारलं, यातली कोणती पत्रिका कोणत्या गटातली?

समजा, अहवालात एवढंच असतं: ‘एका ज्योतिषाने 40 पैकी 24, म्हणजे 60 टक्के पत्रिका अचूक ओळखल्या.’ वाक्य खरं आहे, पण वाचणारा फसला असता. कारण उत्तरं 27 जणांची आली होती आणि 24 हा त्यातला सर्वांत चांगला निकाल. नाणं उडवून उत्तरं दिली तरी 24 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे 13 टक्के असते. असे 27 जण असतील, तर तीन-चार जणांना हे नुसत्या नशिबानेच जमायला हवं. सगळ्यांची सरासरी तर निम्म्याच्याही खाली होती. म्हणून ‘सर्वोत्तम’ आकडा दिसला की आधी विचारा: कितीजणांमधून?

दुसरा प्रश्न, गळाले किती? पत्रिका 51 जणांनी मागवल्या होत्या, म्हणजे 24 जणांनी उत्तरच पाठवलं नाही. संशोधकांनी हे लपवलं नाही, म्हणून आपण त्यावर बोलू शकतो. या 24 जणांचं काय झालं असतं, ते हा प्रयोग सांगत नाही.

तिसरा प्रश्न संशोधकांच्या बाजूच्या वाचकांसाठी. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या आणि 102 बरोबर ओळखल्या, म्हणजे 51 टक्के. पण 200 च्या नमुन्यात चूक सुमारे सात टक्के इकडे-तिकडे होते. त्यामुळे खरं कौशल्य 44 ते 58 टक्क्यांत कुठेही असू शकतं. ‘80 टक्के अचूक सांगतो’ हा दावा यात नक्की पडतो. ‘55 टक्के’ हा दावा एवढ्या आकड्यांवर खोडता येत नाही. निष्कर्ष आपल्या आवडीचा असला, तरी हे लिहायला हवं.

इथे राहुरीत आपल्या शेतप्रयोगांच्या अहवालांत गळती शोधायची सोपी जागा म्हणजे अ‍ॅनोव्हाचा तक्ता. आरबीडीमध्ये 8 ट्रीटमेंट आणि 3 रिप्लिकेशन असतील, तर एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम 14 हवेत. तिथे 12 दिसले आणि मजकुरात एक शब्दही नसेल, तर दोन प्लॉट कुठे गेले, हे विचारा. ते पाण्याने गेले, डुकरांनी खाल्ले, की नको तो आकडा देत होते?