चार ओळींचे xˣ

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये एक गणित हमखास भेटते: x उजवीकडून शून्याकडे जात असताना xˣ ची सीमा काढा. उत्तर चार ओळींत संपते. एखादी छोटी कविता वाचावी तशा या चार ओळी सावकाश वाचायच्या आहेत, कारण यातल्या प्रत्येक ओळीत एक निर्णय दडलेला आहे. आधी त्या लिहून घेऊ.

y = xˣ
ln y = x ln x
x ln x = (ln x) / (1/x) → 0
y → e⁰ = 1

पहिली ओळ साधी दिसते, पण सगळी ओढाताण तिच्यातच आहे. इथे x दोन जागी बसला आहे, खाली पाया म्हणून आणि वर घातांक म्हणून. पाया शून्याकडे गेला की किंमत शून्याकडे खेचली जाते. शून्याचा कोणताही धन घात शून्यच. घातांक शून्याकडे गेला की किंमत एककडे खेचली जाते, कारण कोणत्याही धन संख्येचा शून्यावा घात एक. आता एकच x दोन्ही बाजूंनी ओढतो आहे. जिंकणार कोण? नुसत्या 0⁰ या चिन्हाकडे बघून हे सांगता येत नाही, म्हणून त्याला अनिर्धार्य रूप म्हणतात.

थोडे आकडे यंत्रात घालून पाहू. x एक असताना xˣ ची किंमत १. x निम्म्यावर आणला की ती ०.७०७१ होते. पाया जिंकतो आहे असे वाटते. x पाव केला तर? पुन्हा ०.७०७१, अगदी तोच आकडा. म्हणजे मधे कुठेतरी आलेख तळाला टेकून परत वर निघालेला असणार. तो तळ x = 1/e, म्हणजे सुमारे ०.३६७९ पाशी आहे आणि तिथली किंमत ०.६९२२. याहून खाली xˣ कधीच जात नाही. पुढे ०.१ ला ०.७९४३, ०.०१ ला ०.९५५०, ०.००१ ला ०.९९३१. घातांक जिंकताना दिसतो आहे, पण का, ते या आकड्यांतून कळत नाही.

ते दुसऱ्या ओळीतून कळते, आणि माझ्या मते या गणिताचा खरा रस तिथेच आहे. लॉगरिदम घेतला की घातांक वरून खाली उतरतो आणि गुणक होऊन शेजारी बसतो. दोन मजल्यांवरचे भांडण एका पातळीवर येते. आता फक्त x आणि ln x यांचा गुणाकार बघायचा आहे. पहिला शून्याकडे जातो, दुसरा ऋण अनंताकडे. ओढाताण संपलेली नाही, पण ती आता हाताळता येईल अशा रूपात आली आहे.

यासाठी नैसर्गिक लॉगरिदमच हवा असे नाही. अकरावी-बारावीला वापरलेली लॉग टेबलची पुस्तिका आठवा. तिथला लॉग १० या पायाचा. ०.१ चा लॉग −१, ०.०१ चा −२, ०.००१ चा −३. ०.०१ म्हणजे शंभरावा भाग, आणि शंभरात शून्ये दोन. लॉगने दुसरे काही केले नाही, फक्त शून्ये मोजली. आता दुसरी ओळ पुन्हा वाचा. x ची किंमत ०.०१ असेल तर गुणाकार ०.०१ × (−२), म्हणजे −०.०२. टेबलाच्या भाषेत हा १ बार .९८. अँटिलॉगमध्ये .९८ च्या ओळीत ९५५० सापडते आणि दशांशचिन्ह योग्य जागी ठेवले की ०.९५५०. मघाशी यंत्राने दिलेला आकडाच हाती आला, पण या वेळी तो कसा आला हे डोळ्यांसमोर घडले. x हजारावा भाग केला तर गुणाकार −०.००३. दशलक्षावा भाग केला तर −०.०००००६.

म्हणजे स्पर्धा आहे ती एका संख्येची आणि त्या संख्येतल्या शून्यांच्या मोजणीची. दशलक्ष ही संख्या प्रचंड, पण तिच्यात शून्ये सहाच. सहाला दशलक्षाने भागल्यावर काय उरणार? पाया कितीही वेगाने शून्याकडे धावला, तरी लॉगला त्या धावेतली फक्त शून्यांची मोजदाद दिसते, आणि ती मोजदाद घातांकाच्या घसरणीपुढे टिकत नाही. xˣ ची सीमा १ का, याचे कारण एवढेच आहे.

पण हे दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे. ०.१, ०.०१ अशा ठरावीक थांब्यांवर पाहिले म्हणजे मधल्या सगळ्या वाटेवर तसेच घडते असे होत नाही. म्हणून तिसरी ओळ. इथे ल'ओपितालचा नियम वापरतात. ल'ओपितालने हा नियम १६९६ साली आपल्या पुस्तकात छापला. नियमामागची बुद्धी योहान बर्नुलीची होती. नियमाला अपूर्णांक लागतो, आणि आपल्याकडे गुणाकार आहे. कोणाला वर ठेवायचे आणि कोणाला खाली, हा निर्णय आपला. ln x वर ठेवून 1/x खाली नेला, तर वरचा अवकलज 1/x, खालचा −1/x², आणि भागाकार −x. तो शून्याकडे जातो. प्रश्न मिटला.

उलट केले तर? x वर ठेवून खाली 1/ln x घेतले, तरी दोन्ही शून्याकडेच जातात, नियम लागू पडतोच. पण अवकलज घेतल्यावर हाती −x (ln x)² येते. सुरुवातीपेक्षा अवघड. पुन्हा नियम लावला की लॉगचा घन येतो आणि माणूस रानात शिरत जातो. पायरी चुकलेली नसते, वाट चुकलेली असते. कशावरून ओळखायचे? नियम लावल्यावर ln x नाहीसा झाला पाहिजे. तो घात वाढवून परत आला, तर तिथेच थांबावे आणि अपूर्णांक उलटा मांडावा.

मला स्वतःला या ओळीची दुसरी सिद्धता जास्त आवडते, कारण तिच्यात शून्यांची मोजणीच पुन्हा दिसते. x = e⁻ᵗ असे लिहा. x उजवीकडून शून्याकडे जातो तेव्हा t अनंताकडे जातो, आणि x ln x चे −t/eᵗ होते. आता eᵗ च्या श्रेणीत 1 + t + t²/2 असे धन तुकडे आहेत, म्हणून eᵗ हे t²/2 हून नक्कीच मोठे. त्यामुळे t/eᵗ हे 2/t हून लहान, आणि 2/t शून्याकडे जाते. ना अवकलज, ना नियमाचे नाव. वरचा t म्हणजे मोजदाद, खालचा eᵗ म्हणजे मोजलेली संख्या.

चौथी ओळ लहान असली तरी सर्वांत जास्त गुण तिथेच जातात. तिसऱ्या ओळीत शून्य आले की विद्यार्थी हुश्श करतो आणि उत्तर शून्य लिहून मोकळा होतो. शून्य आले ते ln y चे. आपल्याला y हवा आहे. लॉगच्या गावाला गेलो तर परतही यावे लागते, आणि परतीचा रस्ता घातांकी फलन सलग आहे म्हणून मोकळा असतो: ln y शून्याकडे गेला की y हा e⁰ कडेच, म्हणजे १ कडे जातो. मघाचा ०.९९३१ नजरेसमोर ठेवला असेल, तर ही चूक हातून होणार नाही.

‘उजवीकडून’ हा शब्दही शोभेचा नाही. डावीकडे x ऋण होतो, −१/२ चा −१/२ वा घात वास्तव संख्यांत बसत नाही, आणि ऋण संख्येचा वास्तव लॉगही नसतो.

मग 0⁰ रूप दिसले की डोळे मिटून १ लिहावे का? हा वाद खराखुरा झालेला आहे. कोशीने १८२१ साली 0⁰ ला अनिर्धार्य रूपांच्या यादीत बसवले. १८३४ साली मोबियसने क्रेलच्या नियतकालिकात 0⁰ चे उत्तर १ च असल्याची बाजू मांडली. त्यावर ‘S’ एवढीच सही करणाऱ्या एका लेखकाने एक साधे उदाहरण पुढे ठेवले: पाया e⁻¹ᐟˣ आणि घातांक x. दोन्ही शून्याकडे जातात. पण लॉग घ्या: x गुणिले −1/x, म्हणजे कायम −१. सीमा 1/e, सुमारे ०.३६७९.

शून्ये मोजायची तर e च्या जागी १० घ्या. x ची किंमत ०.०१ असेल, तर पाया म्हणजे एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येने एकला भागणे. इथे मोजदादच शंभर झाली. ०.०१ ने गुणली की बरोबर एक. x हजारावा भाग केला तर शून्ये हजार, आणि गुणाकार पुन्हा एक. मोजदाद घातांकाशी पाऊल जुळवून चालते, म्हणून घातांकाला जिंकताच येत नाही. दर वेळी उत्तर ०.१.

पाठ्यपुस्तकातली अशी बहुतेक गणिते १ वरच येऊन थांबतात, याचे कारणही इथेच सापडते. (sin x)ˣ घ्या, किंवा (x²)³ˣ. यांत पाया x च्या एखाद्या घाताच्या चालीने घटतो, म्हणून त्याचा लॉग ln x च्या पटीतच राहतो, आणि घातांकातला x त्याला पुरून उरतो. मात्र x चा घात xˣ असे मांडले की बऱ्याच जणांची गल्लत होते. इथे घातांक शून्याकडे जात नाही, तो १ कडे जातो. ०.०१ चा ०.९५५० वा घात ०.०१२३ च्या आसपास येतो. सीमा शून्य, आणि हे रूप अनिर्धार्य नाहीच.

या चार ओळींचे एक जुने ऋण आहे. १६९७ साली योहान बर्नुलीने ० ते १ पर्यंत xˣ च्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढले. त्यासाठी त्याने xˣ ला ज्याचा घातांक x ln x आहे अशा e च्या रूपात लिहून श्रेणीत उलगडले आणि एकेक पदाचे संकलन केले. शून्याच्या टोकाला प्रत्येक वेळी x चा घात आणि ln x चा घात यांचा गुणाकार उरतो, आणि तो दर वेळी नाहीसा होतो, तिसऱ्या ओळीतल्याच कारणाने. उत्तर येते 1 − 1/2² + 1/3³ − 1/4⁴ + … पहिली पाच पदे वही-पेनाने मांडून पाहा. बेरीज ०.७८३५ च्या जवळ येते, आणि खरे क्षेत्रफळ आहे ०.७८३४.