सारांश आला, कारणं मागेच राहिली

एआय टूल बदलताना आपण काय करतो? जुन्या टूलकडून प्रोजेक्टचा सारांश लिहून घेतो आणि नव्यात पेस्ट करतो. मीही तेच केलं, आणि फसलो.

माझा विषय जुन्नर-आंबेगावमधले बिबट्याचे हल्ले. सारांशात ऊस होता, मुलाखती होत्या, टेबलचा फॉरमॅटही होता. पण 2001 ते 2003 ही वर्षं वेगळी का ठेवली, ते नव्हतं. 2001 मध्ये पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडायला सुरुवात झाली. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा 2011 चा पेपर सांगतो. नव्या टूलने सगळ्या वर्षांची एकच सरासरी काढली. टेबल दिसायला मस्त!

सारांशात वारंवार आलेल्या गोष्टी टिकतात. निर्णयाचं कारण आपण एकदाच सांगितलेलं असतं, ते गळतं. सगळे चॅट एक्स्पोर्ट केले तर उलटी अडचण होते, कारण आपण सोडून दिलेले प्रयत्नही त्यात तितक्याच ठामपणे उभे असतात.

म्हणून आता एक फाइल मी हाताने लिहितो, `context.md`:

```
निर्णय: 2001-03 वेगळा गट
कारण: बिबट्यांचं स्थलांतर
नाकारलं: 1993-2003 एकत्र सरासरी
```

मग नव्या टूलला उत्तर माहीत असलेला प्रश्न आधी विचारायचा: सगळ्या वर्षांची सरासरी काढू का? ‘हो’ आलं, की समजा, फाइल वाचली गेलेली नाही. अर्थात निर्णय बदलला त्याच दिवशी फाइल बदलली नाही, तर हीच फाइल चुकीची साक्ष देते.