'शुभ सकाळ' उसनी का वाटते?

"प्रत्येक सकाळ नवी आशा घेऊन येते. आपला दिवस मंगलमय असो." असा मजकूर तुमच्याही फोनवर रोज येत असेल. भाषेवर संशोधन करायचं असेल, तर त्याला नुसतं हसू नका. तो उसना का वाटतो, ते शोधा.

"त्यात काही माहितीच नसते" ही टीका इथे चालत नाही. मालिनोव्स्कीने १९२३ साली अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' म्हटलं: माहिती देण्यासाठी नाही, तर नातं चालू ठेवण्यासाठी केलेलं बोलणं. दारावरून जाताना "काय, निघालास का?" विचारतो, तेव्हा आपल्याला तरी उत्तर कुठे हवं असतं?

मग दोष कुठे आहे? एक साधी कसोटी लावा. संदेश घेणारा माणूस बदला, तारीख बदला. तरीही तो तसाच चालला, तर तो कुणाचाच नाही.

समजा, मुरूडला मामांची मच्छीमार बोट आहे आणि भाचा पुण्यात शिकतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. १ जूनच्या सकाळी भाचा लिहितो, "मामा, आजपासून बोट वर ना? आज तरी उशिरा उठलास, की सवयीने पहाटेच?" यात 'शुभ' नाही, फुलं नाहीत. पण हा संदेश दुसऱ्या मामाला चालणार नाही आणि १ ऑगस्टलाही चालणार नाही. 'उठलास' हा एकेरीही महत्त्वाचा आहे. ज्या घरात मामाला 'तू' म्हणतात, तिथे 'आपला दिवस' परका वाटतो.

भाषा बदलली की नुसता अनुवाद पुरत नाही. 'शुभ सकाळ' हीच मुळात 'गुड मॉर्निंग'ची मराठी आहे. घरातली मराठी सकाळी "चहा झाला का?" विचारते आणि रात्री "जेवलास का? चल, झोप आता" म्हणते. हिंदी बोलणाऱ्या रूममेटला "सो जा, सुबह पेपर है" पुरतं. श्रीवर्धनच्या उर्दू बोलणाऱ्या मैत्रिणीला 'शब-बखैर' लिहाल, तर ती तुमच्याशी एरवी तसं बोलते का, ते आधी आठवा. नाहीतर तोही शब्दकोशातून उचललेला वाटेल.

यावर अभ्यास करणार असाल तर एक खाच लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. पण मजकूर कॉपी करून चिकटवला, तर ती खूण येत नाही. म्हणून फक्त खुणा मोजल्या, तर उसने संदेश कमी भरतील.

कसोटीलाही मर्यादा आहे. सासरच्या ग्रुपवर किंवा गाइडला ठरलेलं 'शुभ सकाळ'च बरं. तिथे जवळीक दाखवणं आगाऊपणा ठरतो. म्हणून संदेश 'चांगला की वाईट' हे ठरवण्याआधी तो कुणी, कुणाला, कधी पाठवला, हे तीन रकाने भरा. मजकूर चौथ्या रकान्यात.