‘मंगळा’च्या तीन गती

गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’मधील ‘मार्स’ ही बहुतांशी पाच मात्रांची रचना आम्ही बऱ्हाणपुरात तीन ध्वनिमुद्रणांवरून ऐकली. स्वतः होल्स्ट यांनी संचालित केलेले १९२६ चे वादन सुमारे सव्वासहा मिनिटांत संपते. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचे १९७१ चे सुमारे सात मिनिटे घेते. एड्रियन बोल्ट यांचे १९७८ चे जवळजवळ आठ. द्रुत गतीत पहिल्या मात्रेतील तीन स्वर पुढील ठोक्यांत एका झेपेने मिसळतात आणि सैन्य धावून आल्याचा भास होतो. संथ गतीत गजाच्या दांडीचा प्रत्येक आघात सुटा पडतो. तेथे धाव नाही, न टळणारी चाल आहे. तर मग रचनाकाराचीच गती प्रमाण मानावी काय? आमच्या मते नाही. बोल्ट यांनीच १९१८ साली ही रचना प्रथम संचालित केली होती. त्यांच्या संथपणात भय अधिक खोल होते.