पक्कं बिल कोण मागतं?

"बिल हवं असेल तर अठरा टक्के वर लागतील." हे तुम्ही ऐकलंच असेल. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून बिल घेतोच, कारण त्यावर भरलेला कर त्याला वजा मिळतो. तुम्हा-आम्हा गिऱ्हाइकांना तसं काहीच मिळत नाही. म्हणून करसाखळी शेवटच्या कडीला तुटते.

ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००७ मध्ये बिल मागणाऱ्यांना कराचा काही भाग परत द्यायला सुरुवात केली, शिवाय सोडतही काढली. ज्योआना नारितोमी यांच्या २०१९ च्या निबंधानुसार किरकोळ दुकानांनी दाखवलेली विक्री ४ वर्षांत किमान २१ टक्क्यांनी वाढली. पण दुकानांनी खर्चही वाढवून दाखवला, त्यामुळे बक्षिसं वजा जाता कर ९.३ टक्केच वाढला.

निबंध भक्कम आहे. 'बक्षीस द्या, करचोरी थांबेल' हा त्यातून काढला जाणारा धडा मात्र तोकडा आहे. परिणाम मोठा दिसला तो जास्त गिऱ्हाइकं असलेल्या दुकानांत. तिथे शेकडोंपैकी एकाने तक्रार केली तरी बिंग फुटतं.

आता घराच्या फर्निचरचं ५०,००० रुपयांचं काम घ्या. कर ९,००० रुपये. गुपित ठेकेदार आणि तुमच्यातच राहतं, आणि ते ९,००० दोघांत वाटून घेता येतात. याहून मोठं बक्षीस कुठलं सरकार देईल? त्याच रोखीतून सुताराची मजुरी जाते, म्हणजे तीही कागदावर येत नाही. तेव्हा अशी योजना तपासताना बक्षिसाच्या रकमेआधी एवढंच विचारा: व्यवहार किती जणांना माहीत आहे?